मेंदीच्या अल्बमचे प्रॉम्प्ट: आधी हात, मग वेल

मुलींनो, नागपंचमीच्या आधी नवा अल्बम तयार हवा, आणि त्यात जाणारं प्रत्येक चित्र एआयकडून खालच्या प्रॉम्प्टवरूनच काढून घ्यायचं. मागच्या आठवड्यात एका नवरीच्या आईने फोनवर डिझाइन बघता बघता बोटं मोजली आणि ती सहा भरली. त्यानंतर आपण खरोखर काढलेल्या हातांचे फोटोही त्या माउलीने दोनदा मोठे करून पाहिले. म्हणून शब्दांचा क्रम बदलू नका. आधी हात, मग मेंदी, शेवटी उजेड.

नवरीचे दोन्ही तळहात

> वरून सरळ खाली बघून काढलेला फोटो. पांढऱ्या सुती कापडावर एका तरुण स्त्रीचे दोन तळहात शेजारी शेजारी, सपाट, बोटं चित्राच्या वरच्या कडेकडे. डावा हात डावीकडे, उजवा हात उजवीकडे. दोन्ही करंगळ्या मधोमध एकमेकींजवळ, दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला. प्रत्येक हाताला चार बोटं आणि एक अंगठा. चारही बोटांना तीन-तीन पेरं, अंगठ्याला दोन. मधलं बोट सर्वांत लांब. करंगळीचं टोक अनामिकेच्या वरच्या पेराच्या घडीपाशी. बोटं सरळ आणि किंचित फाकलेली, प्रत्येक दोन बोटांमधून पांढरं कापड स्पष्ट दिसतं. अंगठी नाही. मनगटाखाली हिरव्या काचेच्या बांगड्या, त्या नक्षीला झाकत नाहीत.
>
> प्रत्येक तळव्याच्या मधोमध आठ पाकळ्यांचं कमळ, त्याभोवती सोळा लहान पाकळ्यांचं वलय, त्याबाहेर ठिपक्यांची एकच रांग. मनगटावर पैठणीच्या नारळी काठासारखी त्रिकोणांची आडवी रांग, तिच्यावर प्रत्येक हातावर एक मोर, दोन्ही मोरांच्या चोची मध्याकडे. डाव्या हातावरची नक्षी उजव्या हातावर आरशात दिसावी तशी उलटी. बोटांची वरची पेरं भरीव, मधल्या पेरांवर तिरकी चौकटीची जाळी, खालच्या पेरांवर तीन पानांची सरळ वेल. अंगठ्याचं वरचं पेर भरीव, खालच्या पेरावर जाळी. नक्षी प्रत्येक घडीच्या रेषेपाशी थांबते आणि पुढच्या पेरावर नव्याने सुरू होते. बोटांच्या दोन्ही कडांना उघड्या त्वचेची बारीक पट्टी.
>
> रेघांच्या दोनच जाड्या: बाहेरची रेघ जाड, आतलं भरण बारीक. प्रत्येक पाकळी बंद, रेघ कुठे तुटलेली किंवा पसरलेली नाही. मेंदी काढून टाकल्यावर दुसऱ्या दिवशी चढलेला रंग: बोटांची टोकं आणि तळवा गडद तांबूस-तपकिरी, मनगटाकडे फिकट. खिडकीतून येणारा मऊ उजेड, हातांवर सावली नाही.

करंगळ्या मध्ये आणि अंगठे बाहेर, हे वाक्य चुकूनही गाळू नका. स्वतःचे दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरून बघा, तसेच दिसतात. पण नवरी समोर बसून कॅमेऱ्याला तळवे दाखवते तेव्हा अंगठे आत येतात. दोन्ही प्रकारचे फोटो सगळीकडे असल्यामुळे चित्रात त्यांची सरमिसळ होते आणि एका हाताला अंगठा भलत्याच बाजूला फुटतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण हात खटकतो.

कडेची उघडी पट्टीही तितकीच महत्त्वाची. वेल बोटाच्या कडेपर्यंत गेली की वेलीची रेघ आणि बोटाची कड एकमेकींत मिसळतात, आणि शेजारची दोन बोटं चिकटतात. आपण कोन हातात घेऊनही तिथे थोडी जागा सोडतोच, कारण बोटं जवळ आली की ओली मेंदी शेजारी लागते. तीच सवय इथे शब्दांत लिहायची.

चित्रात नको असलेल्या गोष्टींचा वेगळा रकाना असतो, त्यात एवढंच टाका:

```
extra fingers, fused fingers, missing thumb,
broken lines, smudged henna, letters
```

हाताच्या पाठीवरची अरबी वेल

> वरून काढलेला फोटो, एकच डावा हात, पालथा, करड्या रंगाच्या सपाट पार्श्वभूमीवर. बोटं वर, अंगठा चित्रात उजवीकडे. चार बोटं, एक अंगठा, पाच स्वच्छ कापलेली नखं, नखांवर रंग नाही. बोटांमध्ये मोकळी जागा. एकच वेल मनगटाच्या करंगळीकडच्या कडेपासून निघून हाताच्या पाठीवरून तिरकी जात तर्जनीच्या टोकाला संपते. वेलीवर तीन फुलं, मनगटाकडचं सर्वांत मोठं, पुढची क्रमाने लहान. प्रत्येक फुलाला सहा सारख्या पाकळ्या. देठाच्या दोन्ही बाजूंना पानांच्या जोड्या, समोरासमोर, एकाच मापाच्या. बाकी तीन बोटं आणि अंगठा मोकळे, फक्त नखाखालच्या पेरावर एक ठिपक्यांची ओळ. वेलीच्या दोन्ही बाजूंना भरपूर उघडी त्वचा. रंग तळव्यापेक्षा फिकट, केशरी-तपकिरी.

यात दोन हातांची जुळणी मागू नका. अरबी वेल तिरकी असते, तिचा तोल पानांच्या जोड्यांत आणि फुलांच्या उतरत्या मापात असतो. ‘सममित’ असा एकच शब्द टाकला तर चित्रात हाताच्या मधोमध सरळ खांब उभा राहतो आणि वेलीचा डौल जातो.

गिरवायचा साचा

> फोटो नाही, रेखाचित्र. पांढऱ्या चौरस कागदावर काळ्या शाईची रेघ, छटा नाही, राखाडी रंग नाही, हात नाही. एक वर्तुळ, मध्यातून जाणाऱ्या रेषांनी आठ समान भाग. प्रत्येक भागात एकच कोयरी, टोक बाहेर, सगळ्या कोयऱ्यांचा बाक घड्याळाच्या दिशेने. मध्यभागी आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीचं टोक भागांच्या रेषेवर. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या आणि बंद.

नवीन शिकणाऱ्या मुलींसाठी हाच सर्वांत उपयोगी आहे. एखादी कोयरी लहान आली तर पूर्ण चित्र पुन्हा काढू नका. उत्तम आलेला एक भाग कापा आणि फोनवर पंचेचाळीस अंशांनी फिरवत आठदा जोडा.

नागपंचमीची, लहान मुलीची

> सात वर्षांच्या मुलीचा एक उजवा तळहात, वरून, बोटं वर, अंगठा चित्रात उजवीकडे. चार गुबगुबीत बोटं आणि एक अंगठा, फाकलेले. तळव्याच्या मधोमध एक भरीव गोल, त्याभोवती सारख्या अंतरावर आठ ठिपके. पाचही टोकं पहिल्या घडीपर्यंत भरीव. बाकी हात मोकळा. रंग गडद तांबूस.

पाट्यावर वाटलेली पानं आणि काडीने दिलेले ठिपके, अशी ही जुनी मेंदी. हिच्यात एक फूल जरी वाढवलं तरी ती आजकालची होते. मला ही अल्बमच्या पहिल्या पानावर हवी आहे.

दुरुस्तीची वाक्यं

चित्र जवळजवळ बरोबर आलं असेल तर नव्याने सुरुवात नको. चुकलेल्या जागेवर खूण करून एका वेळी एकच दुरुस्ती लिहा.

> बाकी सगळं जसंच्या तसं. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका वेगवेगळी, मध्ये पांढरं कापड दिसतं, दोन्हींना तीन-तीन पेरं.

> बाकी सगळं जसंच्या तसं. डाव्या तळव्यावरच्या कमळाला आठ पाकळ्या, सात नाहीत, सगळ्या एकाच रुंदीच्या.

> बाकी सगळं जसंच्या तसं. मधल्या बोटावरची जाळी घडीच्या रेषेपाशी थांबते, रेषा ओलांडत नाही.

अल्बममध्ये टाकण्याआधी चित्र मोठं करून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत दोन्ही हातांची बोटं मोठ्याने मोजा, मग पाकळ्या मोजा. मोजणारी एक आणि चित्र काढणारी दुसरी.