वन-टू-वन नोंद : मोल्डिंग सुपरवायझर, रात्रपाळी

फाउंड्री, शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर. मंगळवार, सकाळी 7.15 ते 7.50, पाळी सुटल्यावर. नोंद : प्रॉडक्शन मॅनेजर.

लिहिण्याचा नियम : जे पाहिलं, मोजलं किंवा समोरच्याने स्वतः सांगितलं तेवढंच. ‘निष्काळजी’, ‘ॲटिट्यूड आहे’ असले शेरे नकोत. गाव, भावकी, कोणाच्या ओळखीने लागले हे इथे येणार नाही. कालचीच रात्र नव्हे, मागच्या बैठकीपासूनचं सगळं काम बघायचं.

मागचं ठरलेलं : वाळूची मॉइश्चर टेस्ट दर दोन तासांनी. झाली. रजिस्टरमध्ये दोन रात्री पहाटे 4 ची नोंद नाही. त्या रात्री लॅबला माणूसच नव्हता. ही त्रुटी सुपरवायझरच्या नावावर धरलेली नाही.

त्यांचं म्हणणं (माझ्याआधी) : पंप बॉडीत ब्लोहोल येतात ते वाळूमुळे नाहीत. कोटिंग लावलेले कोअर पुरते न सुकता लाइनवर येतात, ओतकाम झालं की त्यांतला गॅस कास्टिंगमध्ये अडकतो. “कोअर हाताला ओला लागतोय साहेब, पण मोल्ड थांबवायचा अधिकार मला हाय का?” अधिकार लेखी दिलेला नाही, हे खरं आहे.

कोचिंग : सोमवारी रात्री दीडला मी लाइनवर होतो. वाकडा बसलेला कोअर बघून ते हेल्परवर सगळ्यांसमोर ओरडले. पुढच्या पेटीला हेल्परने काही न विचारता कोअर बसवला, तोही वाकडा. वेगळं काय करता आलं असतं, असं मी विचारलं. “बाजूला घेऊन हातानं बसवून दाखवला असता.” हाच मुद्दा धरला. त्याच रात्री नव्या मोल्डरला व्हेंट कुठे आणि किती खोल मारायचे ते त्यांनी शांतपणे शिकवलं, म्हणजे ही हातोटी त्यांच्याकडे आहे.

पक्षपात तपासला : ऊसतोडीची टोळी अचानक आली म्हणून दोन दिवस रजा घेतली. रजा मंजूर होती, मूल्यमापनात येणार नाही. रिजेक्शनची तुलना दिवसपाळीशी, पण त्याच पार्टवर आणि त्याच रजिस्टरवरून. त्यांच्याविषयी कानावर आलेली एक तक्रार नोंदवलेली नाही. सांगणाऱ्याला प्रसंग सांगता आला नाही.

ठरलं : ओला कोअर दिसला तर मोल्ड थांबवण्याचा लेखी आदेश मी गुरुवारपर्यंत काढणार. कोअर ओव्हनमधून काढल्याची वेळ ट्रॉलीवर खडूने लिहायला मी कोअर शॉपला सांगणार. वेळ नसलेली ट्रॉली ते आज रात्रीपासून परत पाठवणार. हेल्परशी ते स्वतः बोलणार.

पाठपुरावा : पुढच्या मंगळवारी 7.15. आधी माझा आदेश निघाला का ते बघायचं, मग त्यांची कामं.

नोंद वाचून दाखवली. ‘ओरडले’ऐवजी ‘मोठ्याने बोलले’ हवं, असं त्यांचं मत आहे. माझा शब्द ठेवला, त्यांचं मत इथे लिहिलं. खाली दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांच्याकडे.