आमच्या ईराच्या उष्टावणाचे आग्रहाचे निमंत्रण

॥ श्री गणेशाय नमः ॥

आपल्या कुटुंबातील सर्व वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार आणि लहानांना अनेक आशीर्वाद.

आपली ईरा २९ जानेवारी रोजी सहा महिन्यांची पूर्ण होत आहे. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करण्याची आपल्या घरची रीत आहे आणि सहा महिने पूर्ण झाल्यावरच वरचे अन्न सुरू करावे असे तिच्या डॉक्टरांचे सांगणे आहे. या दोन्ही गोष्टी सातव्या महिन्यात जुळून येत असल्याने रविवार, दि. ८ फेब्रुवारी २०२६ रोजी कोथरूडच्या आपल्या राहत्या घरी तिचे उष्टावण करण्याचे आम्ही योजिले आहे. या प्रसंगी आपण सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहून तिला आशीर्वाद द्यावेत, ही माझी, ह्यांची आणि अमेय व सायलीची मनापासून विनंती आहे.

सकाळी साडेदहा वाजता गणेशपूजन होईल आणि बरोबर सव्वाअकरा वाजता ईराचा मामा सुजय तिला मांडीवर घेऊन पहिला घास भरवील. ही वेळ ठरवताना आम्ही मुहूर्ताइतकाच तिच्या झोपेचाही विचार केला आहे. साडेबारा वाजले की तिचे डोळे मिटू लागतात आणि पेंगुळलेल्या बाळाच्या तोंडी घास घालणे तिला किंवा भरवणाऱ्याला, कोणालाच सुखाचे होत नाही. म्हणून आपण शक्यतो अकरापर्यंत पोहोचावे. मामानंतर दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि मग आई-बाबा एकेक कण भरवतील. इतरांनाही तिला भरवण्याची हौस असणार हे मी जाणते, परंतु पहिल्याच दिवशी इतक्या जणांच्या हातचे तिच्या पोटाला झेपणार नाही. त्यामुळे इतर सर्वांनी तिच्या मस्तकावर हलक्या हाताने अक्षता ठेवून आशीर्वाद द्यावा. अक्षता दुरून टाकू नयेत, कारण हाती लागेल ते तोंडात घालण्याचे तिचे दिवस आहेत.

पहिला घास कशाचा, याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण गेल्या आठवड्यात तिघी-चौघींनी फोन करून तेच विचारले. भोरच्या शेतातला या हंगामातला आंबेमोहर भाऊजींनी दिवाळीनंतर पाठवला आहे. त्यातले तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून, जात्यावर भरड काढून ठेवायची आणि त्याचे पाण्यात शिजवलेले मऊ खिमट, वर साजूक तुपाचे दोन थेंब घालून, देवाला नैवेद्य दाखवून तिला द्यायचे, असे ठरले आहे. ज्या मातीत तिच्या पणजोबांनी भात लावला, त्याच मातीतला दाणा तिच्या तोंडी पहिला पडावा, ही माझी इच्छा ती पोटात असल्यापासूनची आहे. खिमटात मीठ आणि साखर नसेल. पूर्वी आपण खिरीचे बोट लावत असू आणि काही घरांत मधही चाटवत असत. परंतु वर्षाच्या आतल्या बाळाला मध दिल्यास त्यातील जंतूंमुळे गंभीर आजार होऊ शकतो, असे डॉक्टरांनी बजावले आहे. त्यामुळे कोणीही प्रेमापोटीसुद्धा तिला मधाचे किंवा गोडाचे बोट चाटवू नये. तांदळाची खीर आपणा सर्वांच्या पानात असेल आणि तिच्या वाट्याची खीर आपण तिच्या पहिल्या वाढदिवसाला करू.

घास भरवून झाल्यावर तिच्यासमोर पाट मांडून त्यावर निरनिराळ्या वस्तू ठेवायच्या आणि ती कशाला हात घालते ते पाहायचे, हा कौतुकाचा भाग आपल्याकडे आजवर चुकलेला नाही. या वेळी वस्तू विकत आणण्याऐवजी प्रत्येक घराने आपल्या रोजच्या कामातली एक वस्तू आणावी, असे मला सुचवावेसे वाटते. सुमनवन्संनी शिवणकामाची मापाची फीत आणावी, श्रीधरभाऊजींनी शाळेतली हजेरीची जुनी वही, मनीषने पेटीवर ठेवायचे गाण्याचे पुस्तक आणि भोरहून येणाऱ्यांनी भाताची एक लोंबी, तीही कापडाच्या पुरचुंडीत घट्ट बांधून. वस्तू टोकदार किंवा गिळता येण्याइतकी लहान नसावी, एवढेच पाहावे. ईराने काहीही उचलले तरी पाटावर तिच्या सगळ्या माणसांचे कष्ट मांडलेले असतील आणि तो फोटो तिच्यासाठी जपून ठेवता येईल.

आहेर किंवा भेटवस्तू कृपया आणू नयेत. तिच्याजवळ कपडे आणि खेळणी भरपूर आहेत, आणि आपण वेळ काढून यावे यापेक्षा आम्हाला अधिक काही नको आहे.

भोजनाची व्यवस्था सोसायटीच्या तळमजल्यावरील सभागृहात दुपारी साडेबारापासून केली आहे. साधे वरण-भात, मसालेभात, अळूचे फदफदे, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पुरी आणि खीर असा बेत आहे. ज्यांना मधुमेह आहे किंवा तिखट चालत नाही, त्यांच्यासाठी वेगळे काढून ठेवता येईल, फक्त आधी कळवावे. स्वयंपाकाचा अंदाज आचाऱ्यांना वेळेत द्यायचा असल्याने आपल्याकडून किती जण येणार हे १ फेब्रुवारीपर्यंत याच ग्रुपवर लिहावे किंवा अमेयला फोन करून सांगावे. बाहेरगावहून येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळीच मुक्कामाला यावे. शेजारच्या जोशीकाकूंनी त्यांचे वरचे घर दोन दिवसांसाठी मोकळे करून दिले आहे, तेव्हा अंथरुणा-पांघरुणाची कोणीही काळजी करू नये. रत्नागिरीच्या आत्याबाईंना एवढा प्रवास झेपणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी अकरा वाजून दहा मिनिटांनी सायलीची बहीण व्हिडिओ कॉल लावेल, म्हणजे पहिला घास त्यांनाही पाहता येईल.

एक विनंती जरा संकोचाने करते. त्या दिवशी कोणाला सर्दी, खोकला किंवा ताप असेल, तर त्यांनी घरूनच आशीर्वाद द्यावा आणि मनाला लावून घेऊ नये. बरे वाटल्यावर त्यांनी सवडीने यावे, त्यांच्या पानात पुन्हा खीर वाढीन. ईराला घेण्यापूर्वी सर्वांनी हात धुवावेत, तिचा पापा घेऊ नये आणि तिचे फोटो या ग्रुपच्या बाहेर पाठवू नयेत, अशी तिच्या आई-बाबांची इच्छा आहे. ती आपण सर्वजण पाळाल याची मला खात्री आहे.

आपल्या आगमनाची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत.

आपली,
ईराची आजी, सुनीता
आणि समस्त कोथरूडकर मंडळी

ता. क. : सासूबाईंनी १९५६ साली थोरल्या भाऊजींच्या उष्टावणासाठी घडवून घेतलेली चांदीची वाटी आणि चमचा सध्या नाशिकच्या वहिनींकडे आहे. पाच भावंडे, त्यांची नऊ मुले आणि आतापर्यंतची चार नातवंडे, एवढ्या सगळ्यांनी पहिला घास त्याच वाटीतून घेतला. ईरा त्या वाटीतून जेवणारी एकोणिसावी असेल. वहिनी, येताना वाटी आठवणीने आणावी. घासूनपुसून आणण्याची तसदी घेऊ नये, शनिवारी रात्री मी स्वतः चिंचेने उजळून ठेवीन.