कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातून लायसोझाइमचे शुद्धीकरण: पोस्टर सादरीकरणाची संहिता

नमस्कार. माननीय परीक्षकांचे स्वागत. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातून लायसोझाइम हे विकर शुद्ध स्वरूपात मिळवणे, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. पोस्टर डावीकडून उजवीकडे वाचावे, अशी त्याची मांडणी आहे. मात्र मधल्या स्तंभातील तक्त्यापाशी मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण प्रकल्पाचा खरा निर्णय तिथेच लागतो.

(डावा स्तंभ, वरचा भाग: उद्दिष्टे)

लायसोझाइम जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनचे बंध तोडते. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी त्याचे वर्णन केले. १२९ अमिनो आम्लांचे आणि सुमारे १४.३ किलोडाल्टन वजनाचे हे प्रथिन पांढऱ्या बलकातील एकूण प्रथिनांच्या साधारण ३.४ टक्के असते. निम्म्याहून अधिक वाटा एकट्या ओव्हॅल्ब्युमिनचा असतो. माझी उद्दिष्टे तीन होती. पहिले, विकराची क्रियाशीलता टिकवून ते इतर प्रथिनांपासून वेगळे करणे. दुसरे, प्रत्येक टप्प्यावर काय कमावले आणि काय गमावले, याचा आकड्यांत हिशेब ठेवणे. तिसरे, आयन-विनिमयानंतर जेल गाळणीचा आणखी एक टप्पा घेणे खरोखर आवश्यक आहे का, हे ठरवणे.

(डावा स्तंभ, खालचा भाग: पद्धत)

पद्धतीचा आधार विद्युतभार आहे. लायसोझाइमचा समविद्युत बिंदू ११ च्या जवळ आहे, तर ओव्हॅल्ब्युमिनचा सुमारे ४.५ आणि ओव्होट्रान्सफेरिनचा ६ च्या आसपास. त्यामुळे पीएच ८.२ च्या ट्रिस बफरमध्ये लायसोझाइम धनभारित राहते व ही दोन्ही मोठी प्रथिने ऋणभारित होतात. कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजच्या कॉलमला लायसोझाइम चिकटते आणि ती दोन्ही वाहून जातात. ३० मिलिलिटर बलक बफरने १२० मिलिलिटरपर्यंत विरल करून, सेंट्रिफ्यूज करून आणि गाळून कॉलमवर सोडला. ही विरलता महत्त्वाची आहे, कारण पहिल्या प्रयत्नात मी बलक केवळ दुप्पट विरल केला होता आणि ओव्होम्युसिनच्या चिकटपणामुळे कॉलम तासाभरात तुंबला होता.

कॉलम धुतल्यावर सोडियम क्लोराईडची सांद्रता शून्यापासून ०.५ मोलरपर्यंत हळूहळू वाढवत नेली. आलेखात दिसणारे पहिले मोठे शिखर न चिकटलेल्या प्रथिनांचे आहे. दुसरे, अरुंद शिखर ०.२ ते ०.३ मोलर मिठाच्या दरम्यान उतरले असून क्रियाशीलतेचे शिखर त्याच्याशी जुळते. क्रियाशीलता मोजण्यासाठी मायक्रोकॉकस लायसोडिक्टिकसच्या पेशींचे निलंबन वापरले. पेशी फुटू लागल्या की गढूळपणा उतरतो. ४५० नॅनोमीटरवरील शोषण मिनिटाला ०.००१ ने कमी करणारे विकर म्हणजे एक युनिट.

(मधला स्तंभ: शुद्धीकरणाचा तक्ता)

आता कृपया तक्ता पाहावा. गाळलेल्या बलकात २६४० मिलिग्रॅम प्रथिन होते आणि विशिष्ट क्रियाशीलता प्रति मिलिग्रॅम १३५० युनिट होती. आयन-विनिमयानंतर प्रथिन ७८ मिलिग्रॅम उरले, विशिष्ट क्रियाशीलता ३५,२०० झाली आणि एकूण क्रियाशीलतेपैकी ७७ टक्के हाती आली. म्हणजे एकाच टप्प्यात सुमारे २६ पट शुद्धीकरण झाले. सेफाडेक्स जी-७५ वरील जेल गाळणीनंतर प्रथिन ५७ मिलिग्रॅम, विशिष्ट क्रियाशीलता ३८,०००, शुद्धीकरण २८ पट आणि उत्पन्न ६०.८ टक्के.

२८ पट हा आकडा पाहणाऱ्याला किरकोळ वाटू शकतो, कारण इतर अनेक विकरांच्या बाबतीत शेकडो पटींचे आकडे दिसतात. परंतु कोणत्याही प्रथिनाच्या शुद्धीकरणाची कमाल पट त्याच्या मूळ प्रमाणावरच ठरते. लायसोझाइम सुरुवातीलाच ३.४ टक्के असेल, तर पूर्ण शुद्ध नमुनाही सुमारे २९ पटींपलीकडे जाऊ शकत नाही. या मर्यादेच्या संदर्भातच आमचे २६ आणि २८ हे आकडे वाचावेत, अशी माझी विनंती आहे.

इथे एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. पहिल्या मोजणीत आयन-विनिमयाचे उत्पन्न केवळ ४१ टक्के आले होते आणि विकर नष्ट झाले, असा मी निष्कर्ष काढला होता. प्रत्यक्षात मी ते अंश ०.५ मोलर मिठाच्याच बफरने विरल करून मोजत होतो. या विकराची क्रियाशीलता द्रावणाच्या आयनिक तीव्रतेवर अवलंबून असते आणि जास्त मिठात ती उतरते. सर्व टप्प्यांचे नमुने एकाच फॉस्फेट बफरने, पीएच ६.२ वर, विरल करून पुन्हा मोजले, तेव्हा ७७ टक्के हा आकडा मिळाला. विकर कॉलमवर हरवले नव्हते. चूक मोजणीत होती.

(उजवा स्तंभ, वरचा भाग: जेल)

हे १५ टक्के एसडीएस-पेजचे चित्र आहे. पहिल्या लेनमध्ये मूळ बलक आहे. त्यात ४५ किलोडाल्टनच्या जवळ ओव्हॅल्ब्युमिनचा जाड पट्टा आणि त्याच्या वर, सुमारे ७६ ला, ओव्होट्रान्सफेरिनचा पट्टा आहे; १४ च्या जवळचा पट्टा अगदी फिकट दिसतो. आयन-विनिमयानंतरच्या लेनमध्ये हाच पट्टा ठळक झाला आहे, पण ४५ ला एक पुसट रेघ अजून आहे. ऋणभारित ओव्हॅल्ब्युमिन धनभारित लायसोझाइमला चिकटून आले असावे, असे मला वाटते. जेल गाळणीनंतर ती रेघ नाहीशी होते आणि उरलेला पट्टा शेजारच्या लेनमधील प्रमाण लायसोझाइमच्या बरोबरीने धावतो.

(उजवा स्तंभ, खालचा भाग: निष्कर्ष)

तिन्ही उद्दिष्टांपैकी पहिली दोन पूर्ण झाली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वापरावर अवलंबून आहे. जेल गाळणीने शुद्धता थोडी वाढवली, पण त्यासाठी मूळ क्रियाशीलतेचे आणखी १६ टक्के खर्च झाले. त्यातला मोठा भाग कॉलमआधी नमुना संहत करताना गेला, असे नोंदवहीतील आकडे सांगतात. जिवाणूंच्या पेशी फोडण्यासाठी विकर हवे असेल, तर आयन-विनिमयावरच थांबणे योग्य ठरेल. स्फटिक वाढवायचे असतील, तर ती पुसट रेघ घालवलीच पाहिजे.

दोन मर्यादा मात्र आहेत. प्रथिनाचे मापन ब्रॅडफर्ड पद्धतीने आणि गाईच्या सीरम अल्ब्युमिनच्या प्रमाणावर केले आहे. २८० नॅनोमीटरवरील शोषणाने अंतिम नमुना मोजला, तर ५७ ऐवजी ६० मिलिग्रॅम भरतो आणि शुद्धीकरण २६.७ पट होते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. बलकातील ॲव्हिडिन हेही अत्यल्प प्रमाणातील पण धनभारित प्रथिन आहे, त्यामुळे तेही याच कॉलमला चिकटू शकते. मूळ स्वरूपात ते चार उपघटकांचे आणि आकाराने मोठे असल्याने जेल गाळणीत वेगळे व्हायला हवे. तथापि बायोटिन-बंधनाची चाचणी मी केलेली नाही, म्हणून ते पूर्णपणे गेले, असा दावा मी करत नाही.

मूळ जेलचे छायाचित्र, प्रत्येक अंशाचे वाचन आणि चुकलेल्या पहिल्या मोजणीची पाने या फाइलमध्ये आहेत. आपण कोणत्या आकड्यापासून सुरुवात करू इच्छिता, ते सांगावे. मी ते पान उघडतो.