विषय: गहाळ पार्सल, कन्साइनमेंट क्र. ४०७१८२६५ – नुकसानभरपाईची मागणी

मा. तक्रार निवारण अधिकारी यांस,

येवल्याहून नागपूरला ३ जून २०२५ रोजी पाठवलेले, १४,५०० रुपये घोषित मूल्याचे पैठणीचे पार्सल ५ जूनला रात्री ११.४० वाजता भिवंडी हबमध्ये स्कॅन झाले (नागपूरचा माल भिवंडीला कसा गेला, हेही अनाकलनीयच), आणि त्यानंतर ट्रॅकिंगवर एकही नोंद नाही. तरीही माझी तक्रार क्र. ५५१८२० पार्सलचा ठावठिकाणा न सांगताच परस्पर निकाली काढण्यात आली, हे मला मान्य नाही.

पैठणीचे १४,५०० व कुरिअर शुल्काचे ३८० असे एकूण १४,८८० रुपये ३० जूनपर्यंत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल. पावती व बिलाची प्रत, तसेच खात्याचा तपशील सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,
प्रेषक, येवला
दि. १८ जून २०२५