रंकाळा काठ स्वच्छता मोहीम : अंदाजपत्रक

स्थळ : संध्यामठाजवळचा काठ, रंकाळा, कोल्हापूर
दिवस : रविवार, ११ आणि १८ जानेवारी २०२६, सकाळी ७ ते ११
स्वयंसेवक : दर रविवारी ८०
सादर : तरुण मंडळाची कार्यकारिणी व वर्गणीदार

दोन रविवार घेण्याचं कारण केंदाळ. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ओलं भरलं तर ट्रॉलीभर पाणी वाहून नेण्याचेच पैसे जातात. पहिल्या रविवारी ते ओढून काठापासून लांब, उन्हात पसरायचं आणि आठवड्यानं उचलायचं. पाण्यालगत ढीग ठेवला तर ते पुन्हा आत सरकतं आणि जगतं.

१. साधने
रबरी हातमोजे, ९० जोड × ६० : ५,४००
गमबूट, २० जोड × ३५० : ७,०००
लांब दांड्याची दाताळी, १० × २८० : २,८००
पोती, ३०० × १२ : ३,६००
दोर व आकडे : १,२००
एकूण : २०,०००

घमेली आणि खोरी सभासदांच्या घरची. हातमोज्यांत मात्र काटकसर नको. निर्माल्यात फोटोफ्रेमच्या फुटलेल्या काचा आणि गंजक्या टाचण्या असतात, पातळ प्लास्टिकचे मोजे तिथं टिकत नाहीत.

२. कचऱ्याची विल्हेवाट
ट्रॅक्टर-ट्रॉली, ६ खेपा × १,५०० : ९,०००
वर्गीकरणासाठी ताडपत्री, ४ × ९०० : ३,६००
काच व सुयांसाठी झाकणाचे डबे, ४ × २५० : १,०००
एकूण : १३,६००

वाळलेलं केंदाळ शेतात कंपोस्टला जाईल, प्लास्टिक आणि उरलेला कचरा महापालिकेच्या गाडीत. काहीही जाळायचं नाही. पाणकोंबड्या राहतात त्या लव्हाळ्याला हात लावायचा नाही.

३. स्वयंसेवक
पोहे-चहा, १६० × ४५ : ७,२००
पाण्याचे जार, १० × ४० : ४००
प्रथमोपचार पेटी : १,८००
पट्टीचे पोहणारे, २ जण × २ दिवस × १,००० : ४,०००
लाइफ जॅकेट भाडे, ६ × २ दिवस × १५० : १,८००
एकूण : १५,२००

गुडघ्याच्या वर पाण्यात जॅकेटशिवाय कोणी उतरणार नाही. शाळकरी मुलं फक्त काठावर. पैसे कमी पडले तर पोहे बंद करू, पोहणारे नाही.

४. परवानग्या
हमीपत्राचा मुद्रांक ५००, नोटरी २००, झेरॉक्स ३०० : १,०००

महापालिकेला दोन अर्ज आहेत : आरोग्य विभागाकडे कचरागाडीसाठी, पर्यावरण विभागाकडे केंदाळ काढण्यासाठी. तिसरा पोलीस ठाण्याला, रस्त्याकडेला ट्रॉली उभी करण्यासाठी. तिन्हींची पोच हातात आल्याशिवाय ट्रॅक्टरवाल्याला विसार द्यायचा नाही.

एकूण खर्च
चारही बाबी : ४९,८००
आकस्मिक : २,५००
एकंदर : ५२,३०० रुपये

जमा
गणेशोत्सवातील शिल्लक : १८,०००
पेठेतील दुकानदारांनी कबूल केलेले : १२,०००
उभे करायचे : २२,३०० रुपये

ही रक्कम ५ जानेवारीपर्यंत जमली नाही तर तारखा पुढं जातील. अर्धं केंदाळ काठावर टाकून काम थांबवणं आम्हाला मान्य नाही. प्रत्येक खर्चाची पावती २५ जानेवारीला मंडळाच्या फलकावर लागेल. गमबूट, दाताळी आणि डबे मंडळाच्या खोलीत राहतील, शेजारच्या मंडळांनी मागितले तर विनाभाडे द्यावेत.

खजिनदार
२० डिसेंबर २०२५