विषय: रिकर्शन वर्गात असं सांगितलं, बरोबर आहे का?

प्रिय ओंकार,

बारावीला या आठवड्यात रिकर्शन शिकवलं. अंबाबाईच्या दर्शनरांगेचं उदाहरण घेतलं. आपला नंबर कितवा हे पुढच्याला विचारायचं, तो त्याच्या पुढच्याला विचारतो. अगदी पहिला म्हणतो ‘एक’, मग प्रत्येक जण एक मिळवून मागच्याला सांगतो. तो पहिला माणूस म्हणजे बेस केस.

मग फळ्यावर `fact(4)` सोडवलं. `fact(3)` चं उत्तर येईपर्यंत चारने गुणायचं काम अडून राहतं, हे मुलांना लगेच पटलं. प्रत्येक कॉलला फंक्शनची ‘नवी प्रत’ तयार होते, असं मी म्हटलं. हा शब्द चालेल का? माझ्या समजुतीने कोड एकच राहतो. नवं असतं ते त्या कॉलचं `n` आणि परत कुठे जायचं याची नोंद, तीही स्टॅकवर.

एका मुलीने `if n == 1` ची अटच काढून प्रोग्रॅम चालवला, तर `RecursionError` आला. मेमरी संपायच्या आधीच पायथन साधारण 1000 कॉलच्या मर्यादेवर थांबवतो, असं मी सांगितलं. तेही तपास.

सोमवारी पुन्हा तोच वर्ग आहे. माझी भीड न धरता लिही, पोरांच्या डोक्यात चुकीचं बसायला नको.

तुझी,
कुलकर्णी मॅडम