मॅनेज्ड पोस्टग्रेस होस्टिंग: प्लॅन, दर आणि मर्यादा

तिन्ही प्लॅनचे सर्व्हर मुंबईत आहेत. दर महिन्याचे असून १८ टक्के जीएसटी वेगळा.

लघु, १,८०० रुपये. २ जीबी रॅम, २५ जीबी एसएसडी, ६० कनेक्शन, ७ दिवसांची रिकव्हरी. रीड रेप्लिका नाही.

मध्यम, ६,५०० रुपये. ८ जीबी रॅम, १५० जीबी एसएसडी, २०० कनेक्शन, १४ दिवसांची रिकव्हरी, एक रीड रेप्लिका.

मोठा, १९,००० रुपये. ३२ जीबी रॅम, ६०० जीबी एसएसडी, ४०० कनेक्शन, ३० दिवसांची रिकव्हरी, दोन रीड रेप्लिका.

स्टोरेज

इंडेक्सही या जागेत मोजले जातात. ८० टक्के जागा भरली की ईमेल येतो. डिस्क चालू डेटाबेसवरच वाढवता येते, नंतर कमी करता येत नाही. बॅकअपची जागा आमच्याकडे वेगळी, तिचे पैसे नाहीत.

कनेक्शन

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडतो आणि ती रॅम खाते, म्हणून ही मर्यादा रॅमनुसार ठरवली आहे. ती ओलांडली की ॲपला `FATAL: sorry, too many clients already` ही एरर दिसते. अशा वेळी लगेच मोठा प्लॅन घेऊ नका. आधी पोर्ट `6432` वरचा, थोडीच कनेक्शन अनेकांत वाटून देणारा पीजीबाउन्सर वापरून पाहा, तो तिन्ही प्लॅनमध्ये मोफत आहे. बहुतेक वेब ॲपना तेवढं पुरतं. तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये चालतो, त्यामुळे `LISTEN` किंवा सेशनभर धरून ठेवायचे लॉक लागत असतील तर थेट `5432` वर जोडा.

ठरावीक क्षणापर्यंत रिकव्हरी

रोज रात्री पूर्ण बॅकअप होतो आणि मधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वॉल फाइल्स सतत जतन होतात. समजा, दुपारी २:१७ ला कुणी `WHERE` न लावता `UPDATE` चालवला. तुम्ही २:१६ ही वेळ द्यायची. त्या क्षणाचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर उभा राहतो, चालू डेटाबेसला धक्का लागत नाही. हवं ते टेबल तिथून परत आणा. तो सर्व्हर ४८ तास मोफत असतो. वॉल फाइल उशिरात उशिरा मिनिटाभरात सर्व्हरबाहेर जाते, म्हणजे मूळ सर्व्हर पूर्ण गेलाच तर शेवटच्या मिनिटाभराचा डेटा हातचा जाऊ शकतो.

चूक किती दिवसांनी तुमच्या लक्षात येईल, यावर प्लॅन निवडा. महिनाअखेरीस हिशेब जुळवणाऱ्यांना ७ दिवस कमीच पडतात. डेटा अगदी थोडा असला तरी त्यांनी मोठा प्लॅन घ्यावा, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

रीड रेप्लिका

रिपोर्ट आणि डॅशबोर्डच्या क्वेरी इथे वळवा. रेप्लिका असिंक्रोनस आहे, म्हणून नुकतीच केलेली नोंद तिथे क्षणभर उशिरा दिसू शकते. पेमेंटनंतरची पावती मूळ सर्व्हरवरूनच वाचा. लिखाण चालू असताना रेप्लिका किती मागे आहे, ते तिच्यावरच पाहता येतं:

```sql
SELECT now() - pg_last_xact_replay_timestamp();
```

रेप्लिकाला बॅकअप समजू नका. मूळ सर्व्हरवर `DROP TABLE` झालं की तिथलंही टेबल जातं.

प्लॅन बदलताना डेटाबेस साधारण दोन मिनिटं बंद राहतो. वेळ तुम्ही ठरवा. आम्ही पहाटे ३ सुचवतो.